‘मिनिमम ड्यू’ राहू द्या, ‘आकारला जातो’ काढा

*मी पुण्यात एका लहान स्टुडिओसाठी मिनिटभराच्या व्हिडिओंच्या स्क्रिप्ट लिहिते. विषय पैशांचे असतात: क्रेडिट कार्ड, ईएमआय, पहिला पगार. बघणारे पुण्या-मुंबईत नोकरी करणारे, बावीस ते तिशीतले. क्लायंट म्हणतो, “यंग वाटलं पाहिजे, इंग्रजी मिक्स करा.” मी करते, तर कमेंट येतात, “ताई, ओढूनताणून कशाला?” इंग्रजी कमी केलं की शाळेतला निबंध वाटतो. आमची अँकर एरवी किती छान बोलते, पण माझी स्क्रिप्ट वाचताना अडखळते. नेमकं किती इंग्रजी घालायचं? एक तुकडा पाठवतेय:*

*“हाय गाईज! आज आपण डिस्कस करणार आहोत एका अशा मिस्टेकबद्दल, जी मोस्टली सगळे यंगस्टर्स करतात. जेव्हा तुम्ही तुमच्या क्रेडिट कार्डच्या बिलाचे फक्त मिनिमम अमाउंट पे करता, तेव्हा रिमेनिंग बॅलन्सवर हेवी इंटरेस्ट आकारला जातो, ज्यामुळे तुमचे फायनान्शियल फ्यूचर डेंजरमध्ये येऊ शकते.”*

*— एक स्क्रिप्ट लिहिणारी*

तुमचा तुकडा मी तीनदा मोठ्याने वाचला. तिसऱ्या वेळी त्यातला प्रत्येक इंग्रजी शब्द काढून तिथे मराठी शब्द ठेवून पाहिला. “आज आपण एका अशा चुकीबद्दल चर्चा करणार आहोत, जी बहुतांश तरुण करतात.” हे वाक्य वर्तमानपत्राच्या पुरवणीत सहज खपेल. पण चहाच्या टपरीवर मैत्रिणीला कुणी असं सांगत नाही. म्हणजे तुम्ही लेखी मराठीचं वाक्य आधी मनात तयार केलंत आणि मग त्यातले काही शब्द उचलून त्यांच्या जागी इंग्रजी ठेवलेत. ऐकणाऱ्याला खटकतं ते हे. कमेंट करणारे इंग्रजीला नावं ठेवतात, कारण ते डोळ्यांवर येतं, पण खोट आहे ती मराठीत.

म्हणून “किती” याचं उत्तर मी आकड्यात देणार नाही. तुमची अँकर मैत्रिणीशी बोलते तेव्हा तिच्या तोंडी या स्क्रिप्टपेक्षा जास्त इंग्रजी असू शकेल, आणि तरी ते कुणाला टोचत नाही. कारण तिथलं मराठी बोलण्यातलं असतं.

तेव्हा आधी मराठीकडे बघू. तुमच्या तुकड्यात “आकारला जातो”, “ज्यामुळे”, “जेव्हा… तेव्हा”, “बिलाचे”, “येऊ शकते” असे पाच ठिकाणी कागदाचे डाग आहेत. बोलताना आपण “व्याज आकारलं जातं” म्हणत नाही, “व्याज लागतं” म्हणतो. “जेव्हा तुम्ही भरता तेव्हा” याऐवजी “भरलं की” एवढ्यात काम होतं. “ज्यामुळे” आलं की वाक्य एका श्वासात संपत नाही. ते तिथे तोडायचं आणि पुढचं वाक्य “मग” किंवा “आणि” ने सुरू करायचं. “बिलाचे, तुमचे, शकते” हे लिहायचे एकार आहेत. बोलताना “बिलाचं, तुमचं, शकतं” येतं, आणि स्क्रिप्टमध्येही ते तसंच टाइप करायला हवं. अँकर समोर दिसेल ते वाचते. एकार दिसला की तिचा आवाज आपोआप बातम्यांचा होतो, आणि त्याच वाक्यात पुढे “डेंजर” आलं की तो शब्द एकटा पडतो. तिचं अडखळणं बहुधा इथेच सुरू होत असावं.

अजून एक गोष्ट, जी लिहिताना सुटते. बोलताना आपण क्रियापद शेवटीच ठेवत बसत नाही. “भरले ना मी दोन हजार.” “आलंय बिल.” आणि “ना”, “की”, “तर”, “पण”, “च” हे छोटे शब्द वाक्याला माणसाचा सूर देतात. ते इंग्रजी शब्दालाही विनातक्रार चिकटतात: “मंडेलाच”, “ऑटो-डेबिट तर असतं ना”, “लिमिट पण वाढली”. तुमच्या तुकड्यात असा एकही शब्द नाही. एक “ना” जे काम करतो, ते चार “गाईज” मिळून करणार नाहीत.

आता इंग्रजी शब्दांची निवड. मी स्वतः एकच कसोटी लावते: बघणाऱ्याच्या आयुष्यात ही गोष्ट कोणत्या नावाने आली? मिनिमम ड्यू त्याला ॲपच्या पडद्यावर भेटला, तिथे Minimum Amount Due असंच लिहिलेलं होतं. “किमान देय रक्कम” त्याने कधी दाबलेली नाही, त्यामुळे ते शब्द घातले तर त्याला मनात भाषांतर करावं लागेल. स्टेटमेंट, ओटीपी, लेट फी, स्वाइप, ऑटो-डेबिट या सगळ्यांचं तसंच आहे. हे शब्द निवांत राहू द्या. पण “मिस्टेक”? चूक त्याला लहानपणापासून घरात भेटली आहे. “रिमेनिंग”? उरलेलं. “हेवी”? केवढंतरी, भरमसाट. यांची मराठी नावं अजून त्याच्या जिभेवर जिवंत आहेत. ती ढकलून इंग्रजी बसवलं की ते लादलेलं वाटतं.

“इंटरेस्ट” या शब्दापाशी मला थोडं थांबायचंय. आपल्या बोलण्यात हा शब्द आहेच, पण त्याची जागा वेगळी आहे. “मला त्यात इंटरेस्ट नाही” म्हणजे मला त्यात रस नाही. बँकेच्या संदर्भात इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा पुष्कळदा “व्याज लागलं” म्हणतात, कारण घरी कर्जाबद्दल बोलणं ऐकलं ते याच शब्दात. म्हणून “बॅलन्सवर इंटरेस्ट” ऐकताना कान क्षणभर चुकीच्या दारावर थांबतो. एखादा इंग्रजी शब्द मराठीत आधीच दुसऱ्या अर्थाने राहायला आला आहे का, हे नेहमी तपासा.

याच्या उलटही होतं. मराठी शब्द असतो, पण त्याचा अर्थ सरकलेला असतो. “हप्ता” आणि “ईएमआय” दोन्ही चालू आहेत. भिशीचा हप्ता असतो, आणि हप्ता वसूल करणारे गुंडही असतात. फोन घेतला तो मात्र ईएमआयवर. “पगार झाला” हे अजून सगळे म्हणतात, आणि बँकेचा मेसेज येतो तेव्हा तोच माणूस “सॅलरी क्रेडिट झाली” असं वाचून दाखवतो. दोन्ही खरे, पण जागा वेगळ्या. आता, “पगार” हाही पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. आज तो आपला वाटतो, कारण पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो गरजेने वापरला, सजावट म्हणून नाही.

नामांपेक्षा क्रियापदं जास्त घात करतात. इंग्रजी नाम मराठी वाक्यात सहज मावतं. इंग्रजी क्रिया मात्र “करणे” किंवा “होणे” यांचा हात धरूनच येते, आणि प्रत्येक वेळी वाक्य एका शब्दाने लांबतं. कृतीच नवी असेल तर ते सोसावं: स्वाइप केलं, ब्लॉक कर, लॉगिन होत नाहीये. पण “डिस्कस करणार आहोत”, “वेट करा”, “रिअलाइज होतं” यांच्या जागी “बोलू”, “थांबा”, “कळतं” हे दोन-तीन अक्षरांत होतं. “पे करणे” तर फार नाजूक आहे. बिल आपण भरतो. फॉर्म भरतो, फी भरतो, दंड भरतो. हॉटेलात मात्र “आज मी पे करतो” हे अगदी स्वाभाविक आहे, कारण तिथे चारचौघांत कुणीतरी पुढाकार घेतोय. तुमच्या तुकड्यात बिलाचं काम आहे, तिथे “भरता” हवं. तसंच, खात्यातून पैसे गेले की माणूस “डेबिट झाले” म्हणत नाही, “पैसे कट झाले” म्हणतो. हे “कट झाले” कुठल्याही कोशात शोधून मिळणार नाही. ते कानानेच पकडावं लागतं.

प्रत्ययांबद्दल थोडक्यात. जुने शब्द मराठी वळण घेतात: बँकेत, टेबलावर, बॅगेत. नवे सरळ प्रत्यय घेतात: लॅपटॉपवर, ॲपमध्ये. मधले शब्द दोन्हीकडे झुलतात, जसं कार्डाचं आणि कार्डचं. इथे नियम लावू नका. अँकर जे म्हणते ते लिहा आणि पूर्ण व्हिडिओत तेच ठेवा. “बँकमध्ये” मात्र लिहू नका, त्याने भाषांतराचा वास येतो. लिंगाचंही तेच. ओटीपी येतो, लिंक येते, नोटिफिकेशन येतं, पण मेलबद्दल “आला” आणि “आली” दोन्ही ऐकू येतं. तिलाच विचारा.

लिंगावरून एक मोठी अडचण आठवली. इंग्रजीतूनच विचार करणाऱ्या क्लायंटला ती दिसत नाही. तरुणांशी बोलायचं म्हणून आपण “तू” म्हणायला जातो. इंग्रजीत “यू” ला लिंग नाही, मराठीत “तू” म्हटलं की “करतोस” की “करतेस” हे ठरवावं लागतं. मी एकदा भाड्याच्या घरावर मालिका लिहिली आणि सगळीकडे “तू शोधतोस, तू जातोस” असं लिहून मोकळी झाले. पहिल्याच भागाखाली एका मुलीने लिहिलं, “मी पण घर शोधतेय, माझ्याशी कोण बोलणार?” ती बरोबर होती आणि चूक पूर्णपणे माझी होती. त्यानंतर मी वाटा शोधल्या. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: “तू भरशील”. आज्ञार्थात नाही: “थांब, बघ, उघड”. कर्माशी जुळणाऱ्या भूतकाळात नाही: “तू दोन हजार भरलेस”. “तुला वाटतं”, “तुझ्या लक्षात येतं” यांत नाही. आणि “आपण” घेतलं तर प्रश्नच मिटतो: “आपण सुटलो” यात मुलगेही आले, मुलीही. पैशांच्या विषयाला मला हे “आपण” सगळ्यांत बरं वाटतं. त्यात उपदेश कमी होतो, कारण चूक करणाऱ्यांत बोलणारीही येते.

दुसरी जागा आकड्यांची. तुमच्या बघणाऱ्यांपैकी पुष्कळांना एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत क्षणभर गोंधळ होतो, ते “सेव्हन्टी नाइन” म्हणतात. पण गोल आकडे आणि अपूर्णांक त्यांच्या तोंडात मराठीच आहेत: पन्नास, दीडशे, अडीच हजार, साडेतीन. “साडेतीन टक्के” पुढे “थ्री पॉइंट फाइव्ह परसेंट” फार लांब आणि परकं आहे. म्हणून उदाहरणातले आकडे मुद्दाम गोल निवडा, आणि स्क्रिप्टमध्ये ते अक्षरांत लिहा, जसे बोलायचे तसेच. ३८,७४० असं लिहिलंत तर कॅमेऱ्यासमोर तिला भाषा निवडायला लावताय, आणि ती अडकणारच.

आता तुमचाच विषय मी असा लिहिला असता:

“कार्डाचं बिल आलंय. चाळीस हजार. आणि खाली लिहिलंय, मिनिमम ड्यू: दोन हजार. आपल्याला काय वाटतं? दोन हजार भरले, सुटलो! लेट फी नाही, सिबिलमध्ये बिल चुकल्याची नोंद नाही. ते खरंय. पण उरलेत अडतीस हजार, आणि त्यांच्यावर व्याज लागतं. महिन्याला साडेतीन टक्के धर. वर त्या व्याजावर जीएसटी. झाले ना दीड हजारांच्या वर? म्हणजे भरले दोन हजार, आणि उधारी कमी झाली जेमतेम चारशेने. आणि थांब, अजून आहे. या महिन्यात परत स्वाइप केलं, तर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. ते पंचेचाळीस दिवस इंटरेस्ट-फ्री असतं ना? ते गेलं. पूर्ण बिल भरेपर्यंत गेलं. त्यामुळे पूर्ण जमत नसेल तर जेवढं जमेल तेवढं जास्त भर, आणि तोपर्यंत कार्ड ड्रॉवरमध्ये.”

हिशेब तपासून घ्या: अडतीस हजारांचे साडेतीन टक्के १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी साधारण २४० रुपये, मिळून १,५७०. प्रत्यक्षात व्याज रोजच्या हिशेबाने आणि खरेदीच्या तारखेपासून लागतं, म्हणजे आकडा याहून वरच जाईल, आणि दर कार्डागणिक बदलतो. म्हणून “धर” आणि “च्या वर” हे दोन शब्द काढू नका. ते काढले तर वाक्य खोटं होईल.

इथे “इंटरेस्ट-फ्री” ठेवलंय हे तुमच्या लक्षात आलं असेल, वर मी त्या शब्दाविरुद्ध एवढं बोलूनही. कारण कार्ड विकताना ते त्याच नावाने विकतात, बघणाऱ्याने ते जोडीनेच ऐकलंय, आणि “फ्री” जवळ असल्याने रस-बिस असा अर्थ लागत नाही. तसंच “ड्रॉवर”. खण म्हणता आलं असतं. पण मला ज्या मुलीचा आवाज कानात होता, ती ड्रॉवर म्हणाली असती. तुमची अँकर खण म्हणत असेल तर खण लिहा.

आणि ती काय म्हणते हे कळायला एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. लिहायच्या आधी तिला विषय समजावून सांगा, कागद देऊ नका. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि हीच गोष्ट तिला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला सांगायला सांगा, कॅमेऱ्याला नाही. समोर खरा माणूस बसलेला हवा, जो मध्येच “म्हणजे?” विचारेल. तीन-चार मिनिटं पुरतात. मग ते शब्दन् शब्द उतरवून काढा, “अं” आणि “म्हणजे ना” सकट. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो, पण तिचं खरं मिश्रण तुम्हाला इथे मिळतं. कुठे ती इंग्रजीत शिरते, कुठे परत येते, कोणत्या शब्दाला “रे” लावते. स्क्रिप्ट याच्यातून कापून काढायची. तुम्ही क्रम लावा, हिशेब बरोबर करा, फापटपसारा उडवा, शब्द तिचे राहू द्या.

मग वाचन. ती वाचताना स्वतःहून एखादा शब्द बदलते, तेव्हा तिला थांबवू नका. पेन घ्या आणि तो बदल कागदावर करा. एकाच जागी ती दोनदा अडली तर तिसरा टेक घेण्याआधी वाक्य बदला. आणि स्क्रिप्ट देवनागरीत द्या, अगदी तिला रोमनमध्ये चॅट करायची सवय असली तरी. रोमनमध्ये वेळ आणि वेल, काळ आणि काल एकसारखे दिसतात. ती अर्थ लावते तेवढ्यात वाक्याचा सूर जातो. इंग्रजी शब्दही देवनागरीतच, नाहीतर लिपी बदलली की तिचा उच्चारही कॉन्व्हेंटचा होतो आणि “कार्ड” वाक्यातून उपटून काढल्यासारखं वेगळं ऐकू येतं. फक्त ॲपवर जे बटण दाखवायचंय, ते तिथे दिसतं तसंच लिहा.

मिनिटाला शब्द किती हे मोजू नका, घड्याळ लावा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजी स्क्रिप्टचे शब्द मोजून लांबी ठरवली तर मराठी हमखास लांबते. मी वर लिहिलेला तुकडा शंभरेक शब्दांचा आहे. निवांत बोललं आणि मध्ये आकडे पडद्यावर यायला जागा दिली तर तो मिनिटाच्या आसपास जातो. सबटायटल देणार असाल तर तिने उच्चारलेलाच शब्द द्या. ती “व्याज” म्हणतेय आणि खाली “इंटरेस्ट” दिसतंय, असं झालं की डोळा आणि कान भांडतात.

क्लायंटचा प्रश्न राहिला. तो तुम्हाला “अजून यंग” म्हणतो, कारण तो स्क्रिप्ट मेलवर वाचतो. कागदावर “भरले ना मी” हे त्याला साधं दिसतं, आणि “फायनान्शियल फ्यूचर” भारदस्त दिसतं. त्याच्याशी शब्दांवरून वाद घालू नका. “लिटरली”, “व्हाइब” असले शब्द पेरा असं तो म्हणाला, तर अँकर ते एरवी बोलते का, एवढंच बघा. बोलत असेल तर एखादा येऊ द्या, नसेल तर तो शब्द पहिल्या सेकंदात उघडा पडेल. पुढच्या वेळी स्क्रिप्ट पाठवूच नका. अँकरच्या आवाजात वीस-वीस सेकंदांचे दोन तुकडे फोनवर रेकॉर्ड करा, एक त्याला हवा तसा, एक तिच्या बोलण्यातून काढलेला, आणि कोणता कुठला हे न सांगता त्याला ऐकवा. जमलं तर त्याच्याच ऑफिसातल्या पंचविशीच्या दोघा-तिघांनाही ऐकवा, आणि ऐकून झाल्यावर काय कळलं ते त्यांना आपल्या शब्दांत सांगायला सांगा. सांगताना ते तुमचा कोणता शब्द बदलतात तिकडे लक्ष ठेवा. तो शब्द पुढच्या मसुद्यात बदला.